गेस्ट वायफायवरचा टीव्ही फोनला का सापडत नाही

प्रश्न: टीव्ही गेस्ट वायफायवर आहे आणि फोन घरच्या वायफायवर. दोन्हींवर यूट्यूब छान चालते, पण फोनवर कास्टचे चिन्ह दाबले की टीव्ही दिसतच नाही. फोनही गेस्टवर नेऊन पाहिला, तरी तेच. पूर्वी टीव्ही फायबरवाल्यांच्या डब्यावर होता आणि फोन माझ्या राउटरवर, तेव्हाही दिसत नसे. इंटरनेट दोन्हीकडे आहे, मग अडते कुठे?

उत्तर:

कास्टिंगच्या पहिल्या पायरीत इंटरनेटचा काहीच संबंध येत नाही, आणि नेमकी तीच पायरी तुमच्याकडे अडली आहे. फोन टीव्ही शोधतो तो घरातल्या स्थानिक नेटवर्कवर, आणि तो शोध एका ठरावीक हद्दीबाहेर जात नाही. ही हद्द तुमच्या घरात तीन वेगवेगळ्या प्रकारे आखली गेली आहे: टीव्ही गेस्टवर आणि फोन मुख्य वायफायवर असताना एक, दोघेही गेस्टवर असताना दुसरी, आणि फायबरचा डबा व तुमचा राउटर यांच्यामधली तिसरी. तिन्ही वेळा पडद्यावर दिसणारे लक्षण एकच असले तरी कारणे निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे आहेत.

आधी शोध कसा होतो ते पाहू. तुम्ही कास्टचे चिन्ह दाबता (खरे तर अ‍ॅप उघडता तेव्हाच) फोन एक छोटा संदेश पाठवतो. त्याला टीव्हीचा पत्ता माहीत नसल्यामुळे तो संदेश कोणा एकाला उद्देशून नसतो. तो 224.0.0.251 या सामायिक पत्त्यावर, 5353 क्रमांकाच्या पोर्टवर जातो, आणि त्यात विचारलेले असते की `_googlecast._tcp.local` ही सेवा इथे कोण देते. त्या नेटवर्कवरचा क्रोमकास्ट किंवा गूगल टीव्ही हा प्रश्न ऐकतो आणि उत्तर देतो: माझे नाव ‘हॉलचा टीव्ही’, माझा पत्ता अमुक, आणि माझ्याशी 8009 पोर्टवर बोला. हे उत्तर मिळाल्यावरच फोनच्या यादीत टीव्हीचे नाव उमटते. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. आयफोनमधले एअरप्लेही याच पत्त्यावर हाक मारते, फक्त सेवेचे नाव `_airplay._tcp.local` असे वेगळे असते.

जुन्या वाड्याच्या चौकात उभे राहून कोणी ‘इथे सुतार कोण आहे?’ असे ओरडावे आणि ज्याचा त्याने आपल्या खोलीतून ‘ओ’ द्यावा, तसा हा प्रकार आहे. चौकात आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण शेजारच्या वाड्यात तो पोहोचत नाही, मग तिथे दहा सुतार राहत असले तरी उपयोग नाही. नेटवर्कमध्ये हे अंतरामुळे घडत नाही, नियमामुळे घडते. 224.0.0.0 ते 224.0.0.255 हे पत्ते केवळ एका स्थानिक नेटवर्कपुरते राखून ठेवलेले आहेत आणि राउटरने त्यांवरचा संदेश दुसऱ्या नेटवर्कमध्ये पुढे पाठवायचा नसतो. त्यामुळे फोन आणि टीव्ही यांच्यामध्ये राउटरची वेस आली की राउटर हाक तिथेच थांबवतो. त्यात राउटरचा दोष नसतो, त्याने तसेच वागणे अपेक्षित आहे.

यूट्यूब, नेटफ्लिक्स यांसारखी काही अ‍ॅप काही टीव्हींसाठी दुसरी, थोडी जुनी पद्धत वापरतात. त्यात हाक 239.255.255.250 या पत्त्यावर, 1900 पोर्टवर जाते. हा पत्ता वरच्या राखीव पट्ट्यात येत नाही, पण घरगुती राउटर असले सामायिक संदेश एका नेटवर्कातून दुसऱ्यात नेतच नाहीत, म्हणून व्यवहारात फळ तेच मिळते.

यातली एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शोध आणि जोडणी या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कधी कधी जोडणी अगदी शक्य असते, फोनकडून टीव्हीपर्यंतचा रस्ता खुला असतो, पण शोधच न झाल्यामुळे फोन त्या रस्त्याला लागत नाही. नेहमीच्या अ‍ॅपमध्ये टीव्हीचा पत्ता हाताने टाकण्याची सोय नसते, त्यामुळे शोध अडला की पुढचे सगळेच अडते. तुमची पूर्वीची अडचण, म्हणजे टीव्ही फायबरच्या डब्यावर आणि फोन स्वतःच्या राउटरवर, नेमकी याच जातीची होती. तिचे एक उदाहरण मी जवळून पाहिलेले आहे, ते सविस्तर सांगतो.

नाशिकला एका सेवानिवृत्त शिक्षिकेच्या घरी मला या तक्रारीसाठी बोलावले होते. दुमजली घर, खाली हॉलमध्ये फायबर कंपनीने बसवलेला डबा आणि त्याच्याच वायफायवर टीव्ही. वरच्या मजल्यावर वायफाय नीट पोहोचत नाही म्हणून त्यांच्या मुलाने एक राउटर विकत आणून, खालच्या डब्यातून केबल ओढून, वर जोडून दिला होता. फोन बहुतेक वेळ वरच्या राउटरवर असे. बाईंचा प्रश्न सरळ होता: “दादा, दोन्हीकडे नेट चालतंय, मग या दोघांना एकमेकांचा पत्ता का लागत नाही?”

मी आधी दोन्ही उपकरणांचे पत्ते पाहिले. टीव्हीच्या सेटिंगमध्ये नेटवर्कच्या माहितीत पत्ता होता 192.168.1.7. फोनच्या वायफायच्या तपशिलात पत्ता होता 192.168.0.104. घरगुती नेटवर्कमध्ये बहुधा पहिले तीन आकडे नेटवर्कचे नाव सांगतात आणि शेवटचा आकडा उपकरणाचा. इथे तिसराच आकडा वेगळा होता, एकीकडे 1 आणि दुसरीकडे 0, म्हणजे ही दोन स्वतंत्र नेटवर्क होती. कारण उघड होते. वरच्या राउटरच्या ज्या भोकात केबल खोचली होती ते त्याचे इंटरनेटकडून येणाऱ्या केबलचे, म्हणजे वॅन पोर्ट होते. तिथे केबल लागली की राउटर असे धरून चालतो की पलीकडे बाहेरचे जग आहे, अलीकडे आपले घर आहे आणि मी दारावरचा राखणदार आहे. तो आपल्या बाजूच्या उपकरणांना स्वतः नवे पत्ते वाटतो आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर स्वतःचा पत्ता घालतो. खालचा डबाही इंटरनेटच्या तोंडावर हेच काम करत असतो. अशा रीतीने घरात एकामागोमाग एक दोन राखणदार बसले होते, आणि टीव्ही त्या दोघांच्या मधल्या जागेत होता.

मग मी लॅपटॉप वरच्या राउटरच्या वायफायला जोडला आणि टीव्हीला पिंग केले, म्हणजे त्याच्या पत्त्यावर ‘आहेस का?’ असा छोटा संदेश पाठवला.

```
C:\> ping 192.168.1.7
Reply from 192.168.1.7: bytes=32 time=6ms TTL=63
```

उत्तर आले! बाईंनाही नवल वाटले, कारण टीव्ही सापडत नाही ही तर मुळात तक्रार. पण या एका ओळीत सगळे निदान आहे. उत्तर आले याचा अर्थ वरून खालच्या टीव्हीपर्यंत रस्ता खुला होता, कारण वरचा राउटर आतून बाहेर जाणाऱ्या संदेशांना अडवत नाही आणि त्याच्या दृष्टीने टीव्ही ‘बाहेर’ होता. शेवटचा आकडा पाहा. गूगल टीव्हीसारखी उपकरणे आपले उत्तर 64 या आकड्यासह पाठवतात आणि वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. दोघे एकाच नेटवर्कवर असते तर आकडा 64 दिसला असता. 63 दिसला, म्हणजे मध्ये नेमका एक राउटर होता. पिंग ठरावीक पत्त्यावर पाठवलेला संदेश असल्यामुळे राउटरने तो पलीकडे पोहोचवला. एमडीएनएसची हाक ‘या नेटवर्कपुरती’ असल्यामुळे त्याने ती पोहोचवली नाही. म्हणून पिंग जाते पण कास्ट सापडत नाही, आणि त्यात कोणताही विरोधाभास नाही.

उलट दिशेने मात्र रस्ताही नव्हता. टीव्हीने 192.168.0.104 शी बोलायचे ठरवले असते, तर त्याने तो संदेश खालच्या डब्याकडे दिला असता, आणि खालच्या डब्याला 192.168.0 नावाचे काही घरात आहे याचा पत्ताच नव्हता. हे पुढे महत्त्वाचे ठरते, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

उपाय दहा मिनिटांचा होता. वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये ‘Operation Mode’ या ठिकाणी ‘Access Point’ हा पर्याय होता. तो निवडून जतन केल्यावर राउटर पुन्हा सुरू झाला आणि राखणदाराचे काम सोडून केवळ वायफायचा खांब झाला. पत्ते वाटण्याचे काम आता एकट्या खालच्या डब्याकडे राहिले. फोनचे वायफाय बंद करून पुन्हा चालू केल्यावर त्याला 192.168.1.12 हा पत्ता मिळाला आणि कास्टच्या यादीत टीव्ही लगेच आला. वरचा राउटर आणि टीव्ही दोन्ही जागच्या जागी राहिले, फक्त मधली वेस निघाली.

काही स्वस्त राउटरांत हा पर्याय नसतो. तेव्हा तेच काम हाताने करावे लागते. लॅपटॉप राउटरला जोडून आधी त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या डब्याच्या नेटवर्कातला, पण डबा इतरांना वाटतो त्या पट्ट्याबाहेरचा ठेवायचा. डबा 192.168.1.1 असेल आणि 192.168.1.100 पासून पुढे वाटत असेल, तर राउटरला 192.168.1.2 देता येतो. मग राउटरमधली डीएचसीपी ही पत्ते वाटण्याची सोय बंद करायची, आणि सर्वांत शेवटी केबल वॅन पोर्टातून काढून बाकीच्या लॅन पोर्टांपैकी एकात खोचायची. क्रम चुकला, म्हणजे डीएचसीपी चालू असतानाच केबल लॅनमध्ये गेली, तर एकाच नेटवर्कवर दोघे पत्ते वाटू लागतात आणि घरातली उपकरणे अधूनमधून इंटरनेटवरून गळू लागतात. ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की केबल हलवण्याआधी डीएचसीपी बंद झाल्याची खात्री करून घ्या असे मी आवर्जून सांगेन.

त्याच घरात आणखी एक गोष्ट होती, जिच्यामुळे निदान बरेच दिवस लांबले होते. मुलाने सोयीसाठी दोन्ही वायफायचे नाव आणि पासवर्ड एकच ठेवले होते. त्यामुळे फोन हॉलमध्ये आला की कधी कधी आपोआप खालच्या डब्यावर जाई आणि टीव्ही दिसे. जिना चढला की तो वरच्या राउटरवर जाई आणि टीव्ही नाहीसा होई. पडद्यावर वायफायचे नाव मात्र कायम तेच. बाई म्हणत, “मनात आलं तर दिसतो, नाहीतर नाही.” टीव्ही असा ये-जा करत असेल तर वायफायच्या नावावर विसंबू नका, दोन्ही ठिकाणी उभे राहून फोनचा पत्ता वाचा. नाव हे माणसाने दिलेले लेबल आहे, नेटवर्क कोणते ते पत्ता सांगतो.

याच्या उलट गैरसमजही फार पसरलेला आहे. डब्यावर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झची दोन वेगळी नावे दिसतात आणि लोकांना वाटते की टीव्ही एकावर व फोन दुसऱ्यावर आहे म्हणून कास्ट होत नाही. एकाच डब्याचे हे दोन पट्टे बहुतेक घरांत एकाच नेटवर्कची दोन दारे असतात आणि एकीकडची हाक दुसरीकडे ऐकू जाते. तसेच टीव्ही केबलने जोडलेला असला तरी चालते, तो वायफायवरच असावा असे मुळीच नाही. ‘दोन्ही एकाच वायफायवर हवेत’ ही जी सूचना सगळीकडे वाचायला मिळते, तिचा खरा अर्थ दोन्ही एकाच स्थानिक नेटवर्कवर हवेत, एवढाच आहे.

आता गेस्ट नेटवर्क. तुमचा सध्याचा प्रश्न इथला आहे, आणि हा प्रकार वरच्यापेक्षा कडक आहे. वरच्या उदाहरणात अडथळा रचनेमुळे अनायासे निर्माण झाला होता. गेस्ट नेटवर्कवर तो मुद्दाम घातलेला असतो. पाहुण्याला इंटरनेट मिळावे, पण तुमचा संगणक, प्रिंटर, कॅमेरे यांच्यापर्यंत त्याचा फोन पोहोचू नये, हेच त्या सोयीचे काम आहे. त्यामुळे मुख्य आणि गेस्ट यांच्यामध्ये हाकही जात नाही आणि पिंगही जात नाही.

फोन गेस्टवर नेल्यावरही टीव्ही दिसला नाही, याचे कारण गेस्टवरच्या दुसऱ्या कुंपणात आहे. बहुतेक राउटर गेस्टवरच्या उपकरणांना केवळ मुख्य नेटवर्कपासून नव्हे, तर एकमेकांपासूनही वेगळे ठेवतात. ही सोय राउटरच्या पानावर ‘AP Isolation’ किंवा ‘Client Isolation’ अशा नावाने दिसते. तिच्यामुळे गेस्टवरचे प्रत्येक उपकरण फक्त राउटरशी बोलू शकते, शेजाऱ्याशी नाही. वाड्याच्या उदाहरणात सांगायचे तर इथे प्रत्येकाला स्वतंत्र बंद खोली दिलेली असते आणि प्रत्येक खोलीला रस्त्याकडचे एकच दार असते, चौकच नसतो. म्हणून ‘दोन्ही एकाच वायफायवर आहेत’ ही अट अक्षरशः पूर्ण होऊनही टीव्ही सापडत नाही, आणि पत्त्यांचे पहिले तीन आकडे जुळत असूनही सापडत नाही.

हे कसे ओळखायचे? टीव्ही चालू ठेवा, लॅपटॉप त्याच गेस्टवर जोडा, आधी राउटरला पिंग करा आणि मग टीव्हीला. राउटर उत्तर देतो, इंटरनेट चालते, पत्त्यांचे आकडे जुळतात, आणि तरीही टीव्हीच्या पिंगला `Destination host unreachable` असे उत्तर येते, तर आयसोलेशन चालू आहे असे बहुधा निश्चित समजावे. हा संदेश तुमच्याच लॅपटॉपने दिलेला असतो. त्याने शेजाऱ्याचा माग काढायचा प्रयत्न केला आणि कोणीच ‘ओ’ दिली नाही, असा त्याचा अर्थ. बंद पडलेला टीव्हीही हेच लक्षण दाखवतो, म्हणून टीव्ही चालू असल्याची खात्री आधी करायची.

तुमच्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: टीव्ही मुख्य नेटवर्कवर आणा. काही राउटरांत गेस्टच्या पानावर ‘Allow guests to see each other’ आणि ‘Allow guests to access my local network’ असे दोन पर्याय असतात. पहिला चालू केला तर गेस्टवरचा फोन गेस्टवरच्या टीव्हीला शोधू शकेल, पण मग सगळे पाहुणेही एकमेकांना आणि टीव्हीला दिसतील. दुसरा चालू केला की गेस्ट नेटवर्क ठेवण्याचे कारणच संपते. त्याशिवाय ज्या राउटरांत गेस्टला वेगळा पत्त्यांचा पट्टा असतो, तिथे दुसरा पर्याय चालू करूनही शोध होत नाही. पिंग जाते आणि हाक अडते, म्हणजे पुन्हा नाशिकच्या घरातली स्थिती.

टीव्ही मुद्दाम वेगळा ठेवणारे लोकही आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. टीव्हीला सुरक्षेच्या सुधारणा काही वर्षांनी मिळेनाशा होतात आणि असे उपकरण घरातल्या संगणकांसोबत एकाच चौकात नको, हा विचार योग्य आहे. त्यांच्यासाठी मार्ग आहे, पण त्याला घरगुती डबा पुरत नाही. ज्या राउटरवर वेगळी नेटवर्क आणि त्यांच्यामधले नियम स्वतः लिहिता येतात, असा राउटर लागतो. त्यावर एमडीएनएसचा निरोप्या बसवायचा. तो एका नेटवर्कवरची हाक ऐकतो, तीच हाक स्वतःच्या नावाने दुसऱ्या नेटवर्कवर मारतो, आणि उत्तर परत आणून देतो. काही राउटरांत त्यासाठी एक बटण असते. दोन्ही नेटवर्कवर पाय असलेल्या लिनक्स यंत्रावर हे काम अवाही नावाचा प्रोग्राम करतो आणि त्याच्या `/etc/avahi/avahi-daemon.conf` या फाइलमध्ये एवढेच लिहावे लागते:

```
[reflector]
enable-reflector=yes
```

निरोप्या बसवूनही काम अर्धेच झालेले असते, कारण त्याने फक्त शोधाची पायरी सोडवली. यादीत टीव्ही दिसेल, त्यावर बोट ठेवाल, आणि गोल फिरत राहील. हे लक्षण फार बोलके आहे. नाव दिसते पण जोडणी होत नाही, म्हणजे हाक पोहोचते आहे आणि राउटरची आगभिंत, म्हणजे नेटवर्कांमधली ये-जा रोखणारी सोय, रस्ता अडवते आहे. मुख्य नेटवर्ककडून टीव्हीच्या पत्त्याकडे सुरू होणाऱ्या संभाषणाला परवानगी द्यायची, त्यात 8008 आणि 8009 हे पोर्ट तर हवेतच, आणि टीव्हीला राउटरमधून कायमचा एक पत्ता नेमून द्यायचा, म्हणजे उद्या पत्ता बदलून नियम वाया जाणार नाही. टीव्हीने स्वतःहून मुख्य नेटवर्ककडे सुरू केलेले संभाषण मात्र अडवलेलेच ठेवायचे, कारण वेगळे ठेवण्याचा हेतूच तो आहे.

इथे कास्टिंगमधला एक बारकावा समजून घ्यावा लागतो, नाहीतर अर्धे चालते आणि अर्धे का चालत नाही ते कळत नाही. यूट्यूबवरचा व्हिडिओ कास्ट करता तेव्हा तो फोनमधून टीव्हीकडे जात नाही. फोन टीव्हीला फक्त सांगतो की अमुक व्हिडिओ लाव, आणि टीव्ही तो थेट इंटरनेटवरून आणतो. फोन त्या वेळी निव्वळ रिमोट असतो, म्हणून फोनकडून टीव्हीकडे एवढा एकतर्फी रस्ता पुरतो. पण फोनमध्ये साठवलेले लग्नाचे फोटो किंवा व्हिडिओ दाखवायचे असतील, तर पुष्कळ अ‍ॅप फोनमध्येच एक छोटा सर्व्हर उघडतात आणि टीव्हीला सांगतात की फाइल माझ्याकडून घेऊन जा. आता संभाषण टीव्ही सुरू करतो, आणि तो रस्ता आपण बंद ठेवलेला असतो. यूट्यूब चालते पण स्वतःचे फोटो जात नाहीत, अशी तक्रार आली की मी आधी हाच नियम पाहतो. नाशिकच्या घरात उलट दिशेचा रस्ता नव्हता हे मी मुद्दाम नोंदवले ते यासाठी. तिथे निरोप्या बसवून भागवले असते तर यूट्यूब सुरू झाले असते आणि नातवंडांचे फोटो अडले असते. म्हणूनच वेस काढून टाकणे हा तिथे बरोबर उपाय होता.

पाहुण्यांचा प्रश्न उरतो. टीव्ही मुख्यवर आणि पाहुणे गेस्टवर, मग त्यांना काही दाखवायचे असेल तर? यूट्यूबपुरता याला फार सोपा मार्ग आहे आणि तो पुरेसा वापरला जात नाही याचे मला वाईट वाटते. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये ‘Link with TV code’ या ठिकाणी एक आकडी कोड दिसतो. तो पाहुण्याने आपल्या फोनच्या यूट्यूबमध्ये टाकला की जोडणी होते, मग फोन गेस्टवर असो वा मोबाईल डेटावर. इथे स्थानिक हाक नसतेच, दोन्ही उपकरणे यूट्यूबच्या सर्व्हरमार्फत एकमेकांशी बोलतात. तुमच्या घरातले काम सुरळीत होईपर्यंत तुम्हालाही याचा उपयोग होईल. दुसरा मार्ग मिराकास्टचा. ज्या अँड्रॉइड फोनमध्ये आणि टीव्हीत ही सोय आहे, तिथे दोघे राउटरला वगळून आपसांत थेट वायफायने जोडले जातात, त्यामुळे कोण कोणत्या नेटवर्कवर आहे याने फरक पडत नाही. त्यात चित्र फोनमधूनच जाते, म्हणून फोनचा पडदा चालू ठेवावा लागतो आणि बॅटरी भराभर उतरते.

शेवटी, पत्ते जुळत आहेत, आयसोलेशन बंद आहे आणि पिंगमध्ये 64 दिसते आहे, तरीही टीव्ही सापडत नसेल, तर दोष नेटवर्कच्या हद्दीत नाही. तेव्हा फोनवर व्हीपीएन चालू आहे का ते पाहा. तो चालू असला की फोनचे संदेश एका बोगद्यातून दूरच्या सर्व्हरकडे जातात आणि घरातली हाक घरात उमटत नाही. आयफोन असेल तर ‘Settings’ मध्ये ‘Privacy & Security’ खाली ‘Local Network’ उघडा आणि त्या अ‍ॅपपुढचे बटण चालू आहे का ते पाहा. 2020 साली आलेल्या आयओएस 14 पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते, आणि पहिल्यांदा विचारले तेव्हा घाईत ‘Don’t Allow’ दाबले गेले असेल तर ते अ‍ॅप पुन्हा विचारत नाही. लिनक्सचा लॅपटॉप हाताशी असेल तर फोनला बाजूला ठेवून थेट तपासता येते:

```
avahi-browse -rt _googlecast._tcp
```

मॅकवर त्यासाठी `dns-sd -B _googlecast._tcp` असे लिहितात. या आज्ञेच्या उत्तरात टीव्ही आला आणि फोनवर आला नाही, तर खोट फोनमध्ये आहे. इथेही आला नाही, तर राउटर सामायिक संदेश वायफायवर नीट पोहोचवत नाही किंवा टीव्हीनेच उत्तर देणे थांबवले आहे. टीव्ही रिमोटने बंद-चालू केल्याने तो बहुधा नुसता झोपून उठतो, म्हणून त्याची पिन भिंतीतून अर्धा मिनिट काढून ठेवा आणि राउटरही पुन्हा सुरू करा.

तुमच्या घरी या क्रमाने जा: फायबरच्या डब्यामागचा तुमचा राउटर ‘Access Point’ मध्ये टाका, टीव्हीला गेस्ट विसरायला लावून मुख्य वायफायवर जोडा, आणि मग फोन व टीव्ही दोन्हींचे पत्ते वाचून इथे लिहा. पहिले तीन आकडे जुळूनही टीव्ही दिसला नाही, तर पिंगचे उत्तर जसेच्या तसे कळवा, शेवटच्या आकड्यासह.